साखरपुडा ते अंतरपाट

साखरपुडा झालेला असतो, मुहूर्त निघालेला असतो, कार्यालयाची अनामत भरून पावती कपाटात ठेवलेली असते. आणि मग एका रात्री दोन-अडीचच्या सुमारास अकस्मात जाग येते. छाती धडधडत असते. आपण करतो आहोत ते बरोबर आहे ना, हा एकच प्रश्न पुनःपुन्हा मनात घोळू लागतो. सकाळी आईजवळ गोष्ट काढावी तर ती म्हणते, "लग्नाआधी असे सगळ्यांनाच होते. मलाही झाले होते." मैत्रिणीजवळ काढावी तर ती सांगते, "मनाचा कौल ऐक. मन कधी खोटे बोलत नाही." दोघींच्याही बोलण्यात माया असते, पण दोघींचेही उत्तर अपुरे असते. आईच्या उत्तराने एखादी खरी धोक्याची सूचना दडपली जाण्याचा संभव असतो, तर मैत्रिणीच्या उत्तराने साध्या भीतीला भविष्यवाणीचा मान मिळतो.

आपल्या विवाहविधीत 'सावधान' हा शब्द अंतरपाट दूर होण्यापूर्वीच कितीतरी वेळा उच्चारला जातो. तो ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे मात्र ती आख्यायिका सांगत नाही. ते असो. मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की सावध होण्याची वेळ बोहल्यावरची नव्हे. ती साखरपुडा आणि अंतरपाट ह्यांच्या मधली. ठरवून होणाऱ्या लग्नांत तर खरी माहिती ह्याच काळात हाती येते. कारण पाहण्याच्या कार्यक्रमात दोन्ही घरे आपापल्या उत्तम वेषात बसलेली असतात.

विवाहापूर्वी सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण-तरुणींशी बोलण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करीत आले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची सुरुवात शरीराच्या तक्रारीने होते. झोप लागत नाही, अन्न जात नाही, पोटात गोळा येतो, क्षुल्लक कारणाने रडू कोसळते. "इतकी भीती वाटते, त्या अर्थी काहीतरी चुकत असले पाहिजे," असा निष्कर्ष ते काढतात. परंतु शरीर ह्या बाबतीत विश्वासार्ह साक्षीदार नाही. मोठा बदल समोर दिसला, की तो चांगला असो वा वाईट, हृदयाचे ठोके वाढतात आणि झोप उडते. नव्या गावी बदली झालेल्या माणसालाही असेच होते. उलट, अत्यंत अयोग्य ठिकाणी लग्न ठरलेली मुलगी कित्येकदा शांत झोपते, कारण तिने विचार करणेच थांबविलेले असते. म्हणून भीती किती आहे हे मोजण्यात अर्थ नाही. ती कशाला चिकटलेली आहे, हे पाहिले पाहिजे.

मग अशा शंकांना काही अर्थ असतो काय? ह्याविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मानसशास्त्रज्ञांनी केलेले एक संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी २३२ नवविवाहित जोडप्यांना, नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून, एक साधा प्रश्न विचारला : लग्न करण्याविषयी तुम्हांला कधी अनिश्चितता किंवा संकोच वाटला होता काय? पुरुषांपैकी ४७ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांनी 'होय' म्हणून सांगितले. पुढे चार वर्षे त्या जोडप्यांचा मागोवा घेतला गेला. शंका वाटलेल्या स्त्रियांपैकी १९ टक्के स्त्रियांचा चार वर्षांत घटस्फोट झाला. शंका न वाटलेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांचा झाला. पुरुषांच्या बाबतीत हे आकडे १४ आणि ९ असे होते.

ते जोडपी परदेशातली, त्यांच्या विवाहाच्या रीती वेगळ्या, घटस्फोटही तेथे आपल्याइतका अवघड नाही. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणता यावयाचे नाहीत. तरीही त्यांतून दोन गोष्टी उघड होतात. शंका येणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि शंका आलेल्या बहुसंख्य स्त्रियांचे संसार त्या चार वर्षांत मोडले नाहीत. इथवर आईचे म्हणणे खरे. परंतु शंका आलेल्या स्त्रियांमध्ये मोडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. तेव्हा त्या शंकांपैकी काहींना निश्चितच आधार होता. कोणत्या शंकांना, हे आकडे सांगत नाहीत. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

कसे शोधावे, हे एका मुलीच्या हकीकतीवरून सांगते. तिची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदललेले आहेत. मुलगी इंदूरची, सव्वीस वर्षांची, एका विमा कचेरीत नोकरीला. मुलगा पुण्याचा, अभियंता. दोन्ही घरे सुशिक्षित, पत्रिका जुळलेली, लग्नाला नऊ आठवडे उरलेले. तिची मावशी तिला माझ्याकडे घेऊन आली. मावशी बाहेर बसल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलेना. मग खाली पाहत म्हणाली, "काकू, तुम्ही हसाल. पण मला त्यांचे हसणे आवडत नाही. आणि ते बोलतातही फार कमी." एवढ्या कारणासाठी आपण लोकांचा वेळ घेतो आहोत, ह्याची तिला शरम वाटत होती.

मी हसले नाही. पहिल्या भेटीत सांगितलेले कारण क्वचितच खरे कारण असते, हे अनुभवाने कळलेले होते. मी तिला एक वही करावयास सांगितली. दोन आठवडे, जेव्हा जेव्हा मन धास्तावेल तेव्हा तेव्हा, तिने तारीख लिहावयाची. त्याच्या लगेच आधी काय घडले होते ते लिहावयाचे. नेमकी कशाची भीती वाटते ते एका वाक्यात लिहावयाचे. आणि ती भीती केव्हा व कशाने ओसरली, हेही नोंदवावयाचे. बाकी काही ठरवावयाचे नाही. कारण रात्री अडीच वाजता माणूस निर्णय करू लागला, की एकाच भीतीची दहा रूपे होतात आणि सगळी सारखीच मोठी दिसू लागतात.

दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. चौदा नोंदी होत्या. त्यांपैकी नऊ नोंदी अशा, की कधी साड्यांच्या खरेदीनंतर, कधी पत्रिकेचा मसुदा छापखान्यातून आल्यावर, एकदा आईने तिच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला तेव्हा, तिला भरून आले होते. पुण्यात आपले कसे होईल, बाबांच्या औषधांकडे कोण पाहील, एवढे माणूस जमणार आणि सगळे आपल्याकडेच पाहणार, अशी ती भीती होती. ती एका झोपेनंतर किंवा कोणाशी चार शब्द बोलल्यावर ओसरलेली होती. विवाहापूर्वीची साधी धास्ती म्हणतात ती हीच. तिचा रोख माणसावर नसतो, बदलावर असतो; ती येते तशी जाते; आणि पुष्कळदा ज्याच्याशी लग्न ठरले त्याच्याशीच बोलल्याने ती हलकी होते.

उरलेल्या पाच नोंदी वेगळ्या होत्या. त्या पाचही त्याच्याशी दूरध्वनीवर बोलणे झाल्यानंतरच्या होत्या, त्यांचे शब्द मोजके होते, आणि दोन नोंदी लिहून खोडलेल्या होत्या. 'केव्हा ओसरली' हा रकाना पाचही ठिकाणी रिकामा होता. मी त्या एकेक करून वाचावयास सांगितल्या. लग्नानंतर तिचा पगार त्याच्या आईच्या खात्यात जमा व्हावा, ही आमच्या घरची पद्धत आहे, असे त्याने सांगितले होते. एके दिवशी कचेरीतील बैठकीमुळे तिने फोन घेतला नाही, तर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी एक भारी रेशमी साडी पाठवून दिली होती. पुढच्या आठवड्यात हेच पुन्हा घडले. ह्या वेळी साडीऐवजी घड्याळ आले. आणि त्याच्या वहिनीच्या बोलण्यात सहज "पहिल्या साखरपुड्याच्या वेळी" असे शब्द येऊन गेले होते, वास्तविक आपले आजवर कोठेही ठरले नव्हते असे त्याने सांगितलेले होते. त्याचे हसणे आणि त्याचे कमी बोलणे ह्यांचा उल्लेख चौदा नोंदींत एकदाही नव्हता.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. मनात दोन शंका असतील, तर माणूस बोलून दाखवितो ती लहान शंका. कारण मोठी शंका उच्चारली की तिच्याविषयी काहीतरी करावे लागते. हसणे आवडत नाही, असे म्हटले की मावशी समजूत घालते आणि प्रकरण मिटते. "मला त्यांच्या रागाची भीती वाटते," असे म्हटले की छापलेल्या पत्रिकांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो.

तथापि ह्या पाच नोंदींवरून लग्न मोडावे, असे मी तिला सांगितले नाही. पगाराविषयी त्याच्या घरच्या कल्पना जुन्या असतील आणि त्या बदलताही येतील. अबोला धरण्याची सवय पुष्कळांना असते. मोडलेला साखरपुडा हा काही दोष नव्हे. शंकेतून एक स्पष्ट प्रश्न किंवा एक लहानसा नकार तयार करावयाचा, तो शांतपणे समोर ठेवावयाचा, आणि मग काय होते ते पाहावयाचे, एवढेच मी सुचविले. उत्तर अनुकूल आले की प्रतिकूल, ह्याला तितके महत्त्व नाही. मतभेद तर जन्मभर होणारच आहेत. आपण 'नाही' म्हटल्यानंतर समोरचा माणूस त्या 'नाही'शी कसा वागतो, हे पाहावयाचे असते.

तिने प्रथम पगाराची गोष्ट काढली. "माझा पगार माझ्याच खात्यात राहील, घरखर्चाला किती द्यावयाचे ते आपण दोघे ठरवू," असे ती म्हणाली. ह्यावर तो वाद घालू शकला असता, आमच्याकडे असे चालत नाही म्हणू शकला असता, विचार करून सांगतो म्हणू शकला असता. त्याने विचारले, "हे तुला कोणी शिकविले?" ह्या उत्तरात पगार कोठेच नाही, तिच्या बाजूने कोण उभे आहे, ह्याचा शोध आहे. त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा तिच्या वडिलांना फोन आला, की मुलगी फार बोलकी झाली आहे.

नंतर एका मैत्रिणीच्या लग्नाला तिला उज्जैनला जावयाचे होते. दोन दिवस मी कार्यात असेन, रात्री फोन करीन, असे तिने आधीच सांगून ठेवले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे अकरा फोन येऊन गेले. त्यानंतर त्याने तिच्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रिणीचा क्रमांक तिने त्याला कधीही दिलेला नव्हता. पहिल्या साखरपुड्याविषयी विचारले तेव्हा त्याने आधी नाही म्हटले, मग ती सांगण्यासारखी गोष्ट नव्हती म्हणाला, आणि शेवटी वहिनीने बोललेच कसे म्हणून संतापला. वडील आणि मामा मध्यस्थांकडे जाऊन आले. तो साखरपुडा दोन वर्षांपूर्वी मुलीच्याच बाजूने मोडला होता. त्या घरच्यांनी कारण सांगितले नाही. आमची मुलगी आता बरी आहे, एवढेच म्हणाले.

अशा काळात खोटे बोलणे, पैशावर ताबा मिळविण्याची घाई, मैत्रिणींपासून व माहेरापासून तोडण्याचा प्रयत्न, आणि राग-भेटवस्तू-राग असे फिरणारे चक्र, ह्यांपैकी एखादी गोष्ट दिसली आणि विचारल्यावर ती कमी न होता वाढली, तर तिला मी धोक्याची सूचना समजते. हात उगारला गेला असेल, तर मात्र विचारण्याची पायरीही ठेवू नये. पुरुषांनीही हे ऐकावे. जीव देण्याची धमकी देऊन लग्नाला बांधून घेणारी वधूही मी पाहिलेली आहे.

देण्याघेण्याच्या बैठकीविषयीही थोडे बोलले पाहिजे. "आम्हांला काहीच नको, तुमच्या मुलीला तुम्ही काय द्याल ते द्या," हे वाक्य आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. त्यात काही असेल किंवा नसेल. पण पत्रिका वाटून झाल्यावर जेव्हा मानपानाची यादी लांबू लागते, गाडीचा विषय निघतो, नव्या घराच्या पहिल्या हप्त्याची अडचण सांगितली जाते, तेव्हा ती वेळ अजाणता निवडलेली नसते. आता माघार घेणे वधूपक्षाला जड जाईल, हे हेरून ती निवडलेली असते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याप्रमाणे हुंडा घेणेच काय, नुसता मागणे हाही गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. मी अशा वेळी मुलीला एकच गोष्ट पाहावयास सांगते : मागणी होत असताना मुलगा कोठे पाहत होता? वडीलधारे बोलतात, मी काय करणार, असे जो बैठकीत म्हणतो, तो पुढेही स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तेच म्हणण्याचा संभव असतो.

काही शंकांचा विषय खरा असतो, परंतु तो जोडीदार नसतो. बडोद्याचा एक बँकेतला तरुण माझ्याकडे आला तो, आपल्याला वधूविषयी काहीच वाटत नाही, ह्या चिंतेने. त्याच्या वहीत वधू जवळजवळ नव्हतीच. वडिलांनी लग्नासाठी काढलेले कर्ज पानोपानी होते. त्याने ते तिला सांगितले तेव्हा तीही हेच बोलावयाला घाबरत होती असे निघाले. दोघांनी मिळून सातशे पाहुण्यांचे अडीचशे केले. घरात रुसवेफुगवे झाले, पण तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

आणि काही थोड्या माणसांना ही वही देऊ नये. एका शंकेचे समाधान केले की घटकाभरात दुसरी उभी राहते, तिचे केले की तिसरी. मला ती पुरेशी आवडते ना, हे दिवसातून पन्नास वेळा तपासून पाहावे लागते. दार लावले की नाही, पत्र नीट लिहिले की नाही, अशा शंकाही पूर्वीपासून असतात. हा मनाचा एक आजार आहे. त्यात समोरचे माणूस चांगले की वाईट, हा प्रश्नच नसतो, आणि अधिक विचार केल्याने तो बळावतो. अशांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यावर उपाय आहेत.

इंदूरच्या मुलीकडे परत येते. तिच्या वडिलांना सर्वांत मोठी भीती वाटत होती ती ठरलेले लग्न मोडल्याचा बोभाटा होण्याची. मी त्यांना म्हटले, मोडू नका, आधी लग्न तीन महिने पुढे ढकलण्याची गोष्ट काढा. पुढे ढकलणे हीदेखील एक लहानसा नकार देण्याचीच रीत आहे, आणि ज्याला खरेच संसार करावयाचा आहे तो चिडला तरी तीन महिने थांबतो. उत्तर आले ते असे, की ठरलेल्या दिवशी लग्न झाले नाही तर मुलीची छायाचित्रे सगळ्यांना पाठवू. त्या रात्री वडिलांनी स्वतः निर्णय केला.

कायद्याच्या दृष्टीने साखरपुडा म्हणजे विवाह नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. म्हणून साखरपुडा मोडावयास कोर्टात जावे लागत नाही. तरी मोडण्याची कृती नीट करावी लागते. निरोप मुलीने एकटीने भेटून देऊ नये, वडीलधाऱ्यांनी थोडक्या शब्दांत द्यावा, कारणांची चर्चा वाढवू नये. आलेले दागिने आणि वस्तू यादी करून, दोन माणसांच्या साक्षीने परत कराव्या आणि यादीवर सही घ्यावी. धमकीचे सर्व संदेश जपून ठेवावे. ह्या घरातील लोकांनी ते संदेश घेऊन पोलीस ठाणे गाठले, आणि त्यानंतर छायाचित्रांची भाषा थांबली. घरच्यांचा आधार नसलेल्या मुलीला १८१ ह्या महिला साहाय्य क्रमांकावर फोन करता येतो. कार्यालयाची अनामत बुडाली. आईने कित्येक दिवस शेजारी जाणे टाळले. दोन नातेवाइकांनी मुलीलाच बोल लावला.

तीन वर्षांनी तिचे लग्न पुन्हा ठरले. लग्नाला पंधरा दिवस असताना तिचा फोन आला. "काकू, पुन्हा तसेच होते आहे. झोप नाही, जेवण जात नाही."

"वही केली आहेस का?"

"केली आहे."

"काय लिहिले आहेस?"

"साड्या. केटरर. बाबांची औषधे. आईला सोडून जावयाचे."

"आणि त्याच्याविषयी?"

ती थोडा वेळ थांबली. "त्यांच्याविषयी एक नोंद आहे. ते फार उशिरा येतात, सांगितलेल्या वेळेला कधीच येत नाहीत, असे रागाने लिहिले होते. मग मी त्यांना वहीच दाखविली."

"मग?"

"त्यांनी वाचली, आणि माझ्याजवळचे पेन मागून घेऊन खाली स्वतःच्या चार नोंदी लिहिल्या."